हिंदी भाडेकरार: आकडा झाका, आधी अक्षरं वाचा

या वेळच्या व्हिडिओत भाडेकराराचं एक पान स्क्रीनवर धरलं होतं. मोबाईलवर ते बारीक दिसतं, म्हणून त्यातल्या ओळी इथे मोठ्या लिहून, एकेक करून तपासू. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

टोकावड्यातच गाळा घेतला तर करार बहुतेक मराठीत होतो. पण धंदा वाढला, माल ठेवायला कल्याण, उल्हासनगर नाहीतर भिवंडीकडे जागा बघितली, की मालक हिंदी बोलणारा भेटू शकतो आणि त्याच्या नेहमीच्या टायपिस्टकडून 'किरायानामा' टाइप होऊन येतो. लिपी देवनागरीच असते. त्यामुळे आपल्याला वाटतं, वाचता येतंय की! अक्षरं वाचता येतात हो, पण हिंदीतली संख्यांची नावं आपल्या नावांपेक्षा वेगळी आहेत. आपली नजर तिथे अडखळते आणि सरळ शेजारच्या आकड्यावर उडी मारते. रक्कम आकड्यात दिसली, बरोबर वाटली, सही केली.

इथेच घोटाळा आहे. आकडा आणि अक्षरं जुळत नसतील तर कोणतं धरायचं? चेकसाठी कायद्यात सरळ उत्तर आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे अक्षरात लिहिलेली रक्कम खरी धरायची. भाडेकरार हा चेक नाही, त्यामुळे ते कलम त्याला थेट लागत नाही. पण कागदाचा अर्थ लावताना साधारणपणे अक्षरांनाच जास्त वजन दिलं जातं, कारण आकड्यात एखादं शून्य सहज वाढतं किंवा गळतं, अक्षरात तसं सहज होत नाही. कोणती रक्कम ठरली होती हे कागदावरून मुळीच कळत नसेल, तर आणखी वाईट. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २९ खाली एक उदाहरण दिलंय: एक माणूस आपला पांढरा घोडा 'पाचशे किंवा हजार रुपयांना' विकायचं कबूल करतो, दोनपैकी कोणती किंमत ते कशावरूनच कळत नाही, म्हणून तो करारच रद्दबातल. दीडशे वर्षांपूर्वीचा घोडा आहे, पण गाळ्याच्या डिपॉझिटलाही तोच न्याय.

म्हणजे जे आपण सर्वात कमी वाचतो, त्यालाच सर्वात जास्त वजन.

आता नमुना बघा. मी शिकवण्यासाठी बनवलेला आहे, कोणाचाही खरा करार नाही. गाळा अकरा महिन्यांसाठी आहे.

'मासिक किराया रु. ८,५०० (आठ हज़ार पाँच सौ रुपये मात्र)।'

'मासिक रखरखाव शुल्क रु. ५८५ (पाँच सौ पचासी रुपये मात्र)।'

'जमानत राशि रु. ७०,००० (सत्रह हज़ार रुपये मात्र), जिसमें से रु. २०,००० चेक द्वारा तथा रु. ५०,००० नकद प्राप्त हुए।'

'विलंब होने पर प्रतिदिन रु. १५० (ढाई सौ रुपये मात्र) दंड देय होगा।'

'ग्यारह माह का कुल किराया रु. ९३,५०० (तिरानवे हज़ार पाँच सौ रुपये मात्र)।'

तपासायची पद्धत एकच. आकडा अंगठ्याने किंवा कागदाच्या पट्टीने झाका. फक्त कंसातली अक्षरं मोठ्याने वाचा. 'लाख', 'हज़ार', 'सौ' हे शब्द म्हणजे खुंट्या समजा. प्रत्येक खुंटीच्या आधी जो शब्द आहे त्याची संख्या आपल्या पेन्सिलीने आपल्या आकड्यात लिहा. मग पट्टी काढा आणि दोन्ही जुळवा. आधी आकडा बघितला की डोकं अक्षरांतही तेच वाचतं, म्हणून हा झाकायचा उद्योग. दुकानात बिल तपासताना आपण बेरीज स्वतः करतो, छापलेली बेरीज बघून मान डोलावत नाही, तसंच हे.

पहिली ओळ: हज़ारच्या आधी आठ, सौच्या आधी पाँच. ८,५००. जुळलं.

दुसऱ्या ओळीत बरेच जण अडकतात. सौच्या आधी पाँच, म्हणजे पाचशे. पुढे 'पचासी'. आपल्याला हिंदीतलं 'पचास' म्हणजे पन्नास एवढं माहीत असतं, म्हणून वाटतं की अक्षरात ५५० लिहिलंय आणि आकड्यात ५८५, सापडली चूक! पण चूक नाहीये. पचासी म्हणजे पंच्याऐंशी. शेवटचा 'आसी' हा 'अस्सी'मधला, म्हणजे ऐंशीतला. ही ओळ मुद्दाम ठेवलीय. कारण मालकासमोर अशी नसलेली चूक दाखवलीत, की पुढची खरी चूक दाखवाल तेव्हा तो हसून म्हणेल, 'भाईसाब, आपको हिंदी नहीं आती.' आणि तुम्ही गप्प बसाल.

तिसरी ओळ. हज़ारच्या आधी 'सत्रह'. घाईत हे 'सत्तर' वाचलं जातं, कारण सत्तर आपल्याकडेही सत्तरच आहे आणि ओळखीचा शब्द डोळ्याला आधी दिसतो. पण सत्रह म्हणजे आपले सतरा. पेन्सिलीने १७,००० लिहा आणि पट्टी काढा: ७०,०००. ही खरी तफावत, त्रेपन्न हजारांची. या गाळ्याचं सहा महिन्यांचं भाडं ५१,००० होतं, त्यापेक्षाही जास्त. आज मालक आणि तुम्ही दोघांनाही माहीत आहे की सत्तर दिले. पण डिपॉझिट परत मागायची वेळ अकरा महिन्यांनी येते. तेव्हा मालक बदललेला असेल, मुलगा व्यवहार बघत असेल, किंवा मालकाचीच नियत फिरलेली असेल. लेखी कागद समोर असताना 'तोंडी आमचं सत्तर ठरलं होतं' याला फारसा अर्थ राहत नाही.

मग खरी रक्कम कोणती हे कागदातूनच सिद्ध होतं का, ते बघा. इथे होतं. त्याच वाक्यात वीस हजार चेकने आणि पन्नास हजार रोख मिळाल्याचं लिहिलंय. बेरीज सत्तर. म्हणजे 'सत्रह' ही टायपिस्टची चूक आहे हे कागद स्वतःच सांगतो. म्हणून मी नेहमी सांगतो, डिपॉझिट कसं दिलं त्याची फोड करारात लिहून घ्या. चेक नंबर, तारीख, ऑनलाइन दिलं असेल तर व्यवहाराचा क्रमांक. ही फोड तिसरी साक्षीदार असते. (रोख पन्नास हजार देऊच नका, हे माझं मत. नमुन्यात ठेवलंय, कारण लोक देतात.)

चौथ्या ओळीत अशी साक्षीदार नाही. आकड्यात १५०, अक्षरात 'ढाई सौ'. ढाई म्हणजे अडीच, तर ढाई सौ म्हणजे २५०. दीडला हिंदीत डेढ़ म्हणतात. दोन्ही शब्दांची सुरुवात सारख्या तोंडवळ्याची, आणि घाईत टायपिस्ट एकाच्या जागी दुसरा टाकतो. दंड दीडशे की अडीचशे, हे करारात दुसरीकडे कुठेच नाही. अशा ठिकाणी अंदाज बांधू नका. मालकाला फोन लावून विचारा, ठरलेली रक्कम व्हॉट्सअॅपवर लिहून मागा आणि मग कागद दुरुस्त करा. दहा दिवस उशीर झाला तर फरक हजाराचा आहे.

डेढ़, ढाई, सवा, पौने, साढ़े हे शब्द बोलण्यात छान आहेत, करारात नकोत. 'पौने दो लाख' म्हणजे १,७५,०००, हे आपल्या 'पावणेदोन'सारखंच आहे, पण टायपिस्टला सरळ 'एक लाख पचहत्तर हज़ार' लिहायला सांगा. प्रत्येक खुंटीआधी एक पूर्ण संख्या, एवढीच अट.

पाचवी ओळ: तिरानवे म्हणजे त्र्याण्णव. ९३,५००. जुळलं. पण इथे आणखी एक काम करा. ८,५०० ला ११ ने गुणा. ९३,५०० च येतात. म्हणजे मासिक भाडं आणि एकूण भाडं एकमेकांना दुजोरा देतात. कधी अक्षर आणि आकडा दोन्ही एकसारखेच चुकलेले असतात, ते फक्त गुणाकारातच सापडतं.

आता जे शब्द मराठी माणसाला हमखास फसवतात, ते पेन्सिलीने पाठीमागे लिहून ठेवा. पच्चीस २५, पचास ५०, पचपन ५५, पचासी ८५, हे चौघे एका घरचे वाटतात पण नाहीत. पैंतीस ३५, पैंतालीस ४५, पैंसठ ६५, यांत शेवटच बघायचा. आणि सगळ्यात बिलंदर 'उनहत्तर'. एकाहत्तर, बहात्तर ऐकलेल्या कानाला तो सत्तरीतला वाटतो, पण 'उन' म्हणजे आपलं 'एकोण', एक कमी. उनहत्तर ६९. तसंच उनसठ ५९. मात्र ८९ ला हिंदीत 'उन' लागत नाही, त्याला 'नवासी' म्हणतात. आपलं एकोणनव्वद डोक्यात असलं की हा शब्द ओळखूच येत नाही.

तफावत सापडली तर काय करायचं? सही व्हायच्या आधी सापडली तर पान नव्याने टाइप करून घ्या, दोन पानांचा खर्च काही मोठा नाही. स्टॅम्प पेपरवर आधीच छापलं असेल तर चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारा, मूळ शब्द वाचता येईल अशी. वर बरोबर शब्द लिहा आणि शेजारी दोन्ही पक्षांच्या छोट्या सह्या घ्या. व्हाइटनर अजिबात नको, त्याने कागदावर संशय येतो. आणि हे मालकाच्या प्रतीवर आणि तुमच्या प्रतीवर, दोन्हीकडे. एकाच प्रतीत दुरुस्ती झाली तर आता एका कराराच्या दोन आवृत्त्या झाल्या.

करार नोंदणी झाल्यावर सापडली, तर हाताने काही खोडायचं नाही. तिथे चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करून तोही नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी मालकाची सही लागते. म्हणून नोंदणीला जायच्या आदल्या दिवशी मसुदा मागवा. व्हॉट्सअॅपवर आला तर प्रिंट काढा, कारण स्क्रीनवर पट्टी ठेवून आकडा झाकता येत नाही.