टेपखालचा सैल जोड

गेल्या हिवाळ्यात आमच्या न्हाणीघरात गीझर लावला की जळक्या प्लॅस्टिकचा वास येई. दोन दिवस मी दुर्लक्ष केले. डॉक्टर असूनही लक्षण ओळखले नाही म्हणायचे! अखेर वायरमनला बोलावले. त्याने मेन स्विच बंद करून टेप सोडली. आतल्या पिळा मारून जोडलेल्या तारा काळ्या पडल्या होत्या आणि टेप तपकिरी, चिकट झाली होती.

असा पीळ तापतो, थंड होतो आणि हळूहळू सैल पडतो. मग तारा मोजक्याच ठिकाणी टेकतात व तेथे विजेला विरोध वाढतो. आमचा गीझर २००० वॅटचा, म्हणजे प्रवाह सुमारे ९ अँपिअर. जोडात अर्धा ओहम विरोध आला, तरी बोटभर जागेत सुमारे ४० वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची डाग द्यायची इस्त्री साधारण तेवढीच असते! फ्यूज मात्र उडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. टेप जळून वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

वायरमनने काळी टोके कापली, सेंटिमीटरभर चकचकीत तांबे उघडे केले आणि चिनी मातीच्या १५ अँपिअरच्या कनेक्टरमध्ये पितळी स्क्रूखाली आवळले. स्क्रूखाली प्लॅस्टिक येऊ दिले नाही, एकही बारीक तार बाहेर ठेवली नाही. प्रत्येक वायर ओढून पाहिली आणि कनेक्टर झाकणाच्या डब्यात बसवला. अर्धा तास गीझर चालवून, मेन बंद करून, टेस्टरने खात्री केल्यावर मी त्याला हात लावला. तो गरम नव्हता.