दोन उत्तरं, दोन्ही गणितं बरोबर

प्रश्न : मी नाशिकला नववीच्या वर्गाला गणित शिकवते. ‘सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर दिवसभरात किती जणांचं स्नान होऊ शकेल?’ असा प्रकल्प मुलांना दिला होता. एका गटाचं उत्तर आलं ७ लाख २० हजार, दुसऱ्याचं २ लाख ४० हजार. आकडेमोड तपासली, दोघांचीही चोख आहे. मग गुण कोणाला जास्त द्यायचे?

उत्तर : ताई, तुमच्या गोंधळात एक गृहीत दडलं आहे : बरोबर उत्तर एकच असणार आणि ते तुमच्याकडे हवं. इथे ते कोणाकडेच नाही. पर्वणीचे जे आकडे वर्तमानपत्रात येतात तेही अंदाजच असतात, त्यामुळे त्यांच्याशी ताडून गुण देऊ नका.

आधी तीन पट फरक कुठून आला ते पाहू. दोन्ही गटांनी घाटावर एका वेळी ३,००० माणसं मावतील आणि स्नान २० तास चालेल असं धरलं आहे. पहिल्या गटाने माणशी ५ मिनिटं धरली. म्हणजे तासाला १२ फेऱ्या, ३६,००० माणसं. दुसऱ्याने १५ मिनिटं धरली, म्हणजे तासाला १२,०००. सगळा फरक या एका आकड्याचा.

म्हणून पहिला प्रश्न, हा आकडा आणला कुठून? पहिल्या गटाने नुसतं ‘डुबकीला ५ मिनिटं लागतात’ असं लिहिलंय. डुबकीला तेवढीही लागत नाहीत, पण कपडे काढणं, आजीला हात धरून पायरी उतरवणं, ओलं पिळून पुन्हा नेसणं, हे सगळं त्याच पायरीवर होतं. दुसरा गट रविवारी सकाळी रामकुंडावर गेला आणि घड्याळ लावून ४० जणांना मोजून आला. शिवाय त्यांनी लिहिलंय की पर्वणीला पोलीस शिट्ट्या मारून लोकांना पुढे काढतात, म्हणून आमची १५ मिनिटं जरा जास्तच असतील. आपलं उत्तर कोणत्या बाजूला चुकेल हे ज्या मुलांना सांगता येतं, त्यांना मी इथेच वरचे गुण देईन.

लांबलचक यादी पाहून मात्र भुलू नका. पहिल्या गटाने ‘सर्व भाविक निरोगी आहेत’, ‘पाऊस पडणार नाही’ अशी नऊ गृहीतकं लिहिली आहेत. प्रत्येकावर काट मारून पाहा. गणितातला एकही आकडा हलला नाही, तर ते गृहीतक शोभेचं.

आता दोघांच्याही हातून निसटलेली गोष्ट. माणसं घाटावर आकाशातून उतरत नाहीत, गल्ल्यांतून येतात. समजा वाटा दोन, प्रत्येकी ४ मीटर रुंद. ब्रिटनच्या क्रीडांगण-सुरक्षा मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं धरतात. आपल्याकडे पिशव्या, लेकरं, म्हातारी माणसं असतात, तेव्हा ६० धरू. दोन्ही वाटांतून मिनिटाला ४८०, तासाला २८,८०० माणसं येतील. म्हणजे पहिल्या गटाचे ३६,००० घाटापर्यंत पोचणारच नाहीत. स्नान सव्वासहा मिनिटांपेक्षा लवकर उरकलं तर घाट रिकामा राहील आणि गर्दी गल्लीत तुंबेल.

त्यातली एक वाट परतीसाठी ठेवली की आत येणारे उरतात तासाला १४,४००. मग ५ मिनिटं धरूनही दिवसाचं उत्तर २ लाख ८८ हजारांवर येतं, दुसऱ्या गटाच्या अगदी जवळ. ज्या ५ आणि १५ वरून वर्गात वाद झाला असेल, त्यांचं वजन एका वाटेने इतकं कमी केलं. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभमेळ्यातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, तेही नदीत नव्हे, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर.

गुणांचं म्हणाल तर २० पैकी ५ आकडेमोडीला पुरेत. ७ गृहीतकांना आणि त्यांच्या आधाराला, ५ गृहीतक बदललं तर उत्तर किती हलतं ते करून दाखवण्याला, उरलेले ३ प्रकल्पाच्या मर्यादा लिहिण्याला. अमेरिकेत १९८५ पासून चालणाऱ्या महाविद्यालयीन प्रतिमान-स्पर्धेतही परीक्षक गृहीतकांची कारणं मागतात.

या हिशेबाने दुसरा गट पुढे आहे, पण तोंडी परीक्षेत त्यांना एक विचारा : घाट दुप्पट लांब केला तर उत्तर दुप्पट होईल का? ‘हो, ४ लाख ८० हजार’ असं चटकन आलं, तर परतीची वाट वेगळी ठेवून पुन्हा मांडायला सांगा. २ लाख ८८ हजारांवर गाडी अडेल, आणि का अडली हे त्यांचं त्यांनाच शोधू द्या.