अदलाबदल केली तर शेजारी कारण लिही

पोरी, तू पाठवलेलं पान नीट वाचलं. दिग्रसला बसून जॅमची तयारी करतेस आणि अडलं तर विचारायला अमरावती काही हाकेच्या अंतरावर नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तुझा पर्याय चुकला तो एकाच ओळीत, आणि ती ओळ सापडली की असे निम्मे प्रश्न सोपे होतात.

प्रश्न असा होता. A आणि B या 2×2 च्या मॅट्रिक्स, A² = 0 आणि B² = 0. यातलं नेहमी खरं काय?

(अ) (AB)² = 0
(ब) (A+B)³ = 0
(क) A+B चा डिटर्मिनंट शून्य
(ड) A+B चा ट्रेस शून्य

तू (अ) निवडलास आणि लिहिलंस: (AB)² = A²B² = 0. दिसायला निर्दोष आहे. पण (AB)² म्हणजे AB गुणिले AB, म्हणजे ABAB. A²B² म्हणजे AABB. दोन्ही एकाखाली एक लिहून बघ. मधल्या BA चं तू AB केलंस. आकड्यांच्या बाबतीत ही अदलाबदल आपण शाळेपासून करतो, तिथे ती खरीच असते. मॅट्रिक्सच्या बाबतीत तिला परवानगी लागते, आणि या प्रश्नात ती कुणी दिलेली नाही.

परवानगी का लागते ते नुसत्या नियमाने पटत नाही, म्हणून मॅट्रिक्स काय करते ते बघ. A ची पहिली ओळ 0, 1 आणि दुसरी 0, 0 घे. ही (x, y) ला (y, 0) करते. B ची पहिली ओळ 0, 0 आणि दुसरी 1, 0 घे. ही (x, y) ला (0, x) करते. दोघींचा वर्ग शून्य आहे, स्वतः करून बघ. आता AB म्हणजे आधी B, मग A, कारण सदिशाच्या लगत उजवीकडे असते तीच मॅट्रिक्स पहिल्यांदा काम करते. (x, y) चं आधी (0, x) झालं, मग (x, 0). म्हणजे AB ने x राखला आणि y पुसला. उलट क्रमाने, आधी A मग B केलं, तर (y, 0) होऊन (0, y) येतं: y राहिला, x गेला. दोन्ही कामं तीच, पण क्रम बदलला की वेगळीच गोष्ट शिल्लक राहते. आणि AB पुन्हा एकदा लावली तर (x, 0) चं (x, 0) च राहतं. म्हणजे (AB)² = AB, शून्य नाही. (अ) गेला.

याच जोडीवर बाकीचे पर्याय तपास. A+B ही (x, y) ला (y, x) करते, नुसती जागांची अदलाबदल. दोनदा केली की मूळ जागी, म्हणून (A+B)² = I आणि (A+B)³ = A+B. (ब) गेला. डिटर्मिनंट −1 येतो, (क) पण गेला. ट्रेस मात्र शून्य आहे, आणि तो या एका जोडीपुरता नाही. वर्ग शून्य असलेल्या मॅट्रिक्सची प्रत्येक आयगेनव्हॅल्यू शून्य, म्हणून तिचा ट्रेस शून्य, आणि बेरजेचा ट्रेस म्हणजे ट्रेसची बेरीज. इथे क्रमाचा प्रश्नच उभा राहत नाही. उत्तर (ड).

आता तुझ्या पानावरची दुसरी गोष्ट, जी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. तू उदाहरण घेऊन पडताळा केला होतास, ही चांगली सवय. पण उदाहरण घेतलंस ते A वरचीच आणि B = 5A. दोघींत शून्य नसलेला आकडा त्याच एका कोपऱ्यात. अशा मॅट्रिक्स एकमेकींशी क्रम बदलू देतातच! ज्या गोष्टीची शंका घ्यायची तीच तू उदाहरणात आधीच मान्य करून टाकलीस, मग पडताळा चूक कसा दाखवणार? म्हणून तपासायला I घेऊ नकोस, दोन्ही कर्ण मॅट्रिक्स घेऊ नकोस, एकीच्या पटीतली किंवा घातातली दुसरी घेऊ नकोस. वरची जोडी पाठ करून ठेव: एकीचा 1 वरच्या उजव्या कोपऱ्यात, दुसरीचा खालच्या डाव्या. क्रमावर टेकलेली बहुतेक खोटी विधानं या जोडीपुढे टिकत नाहीत.

एक खूण पेपरातच मिळते. AB = BA धरलं, तर तुझ्या प्रश्नातले चारही पर्याय खरे ठरतात. (ब) तर विस्तार मांडताच येतो, कारण प्रत्येक पदात A² किंवा B² असतो. एकच उत्तर असलेल्या प्रश्नात दोन-तीन पर्याय सहज सिद्ध व्हायला लागले, की थांब आणि आपण न दिलेलं काय धरून चाललोय ते शोध.

मात्र याचा अतिरेकही नको. 2006 च्या एआयईईईमध्ये या विषयावर दोन प्रश्न आले होते, आणि ते जोडीनेच सोडवावेत असं मला वाटतं. पहिल्यात A² − B² = (A−B)(A+B) दिलं होतं आणि नेहमी खरं काय ते विचारलं होतं. उजवी बाजू उलगडली की A² + AB − BA − B² येतं, म्हणून उत्तर AB = BA. A = B किंवा एक मॅट्रिक्स शून्य, असं काही म्हणायची गरज नाही. दुसऱ्यात A च्या ओळी 1, 2 आणि 3, 4 होत्या. B कर्ण मॅट्रिक्स, कर्णावर a आणि b या नैसर्गिक संख्या. AB = BA होईल अशा B किती? 'मॅट्रिक्सचा क्रम बदलत नाही' एवढंच घोकलेला मुलगा 'एकही नाही' यावर खूण करतो. गुणून बघ: AB मध्ये 2b आणि 3a येतात, BA मध्ये त्याच जागी 2a आणि 3b. म्हणजे a = b झालं की पुरे, आणि अशा B अनंत आहेत. नियम 'कधीच नाही' असा नाही, 'नेहमीच असं नाही' असा आहे.

ट्रेस आणि डिटर्मिनंट घेतल्यावर मात्र AB आणि BA कडून एकच संख्या येते, तिथे बिनधास्त बदल. वरच्या जोडीत AB आणि BA वेगळ्या आहेत, पण दोघींचा ट्रेस 1 आणि डिटर्मिनंट 0. तीन मॅट्रिक्स असतील तर ट्रेसमध्ये ABC चं BCA चालतं, ACB चालेलच असं नाही.

उद्यापासून एवढं कर. घात आला की तो पूर्ण उलगडून लिही, ABAB असाच. दोन अक्षरांनी जागा बदलली की खाली पेन्सिलीने रेघ मार आणि शेजारी कारण लिही: दिलेलं आहे, एक kI आहे, एक दुसरीचा घात किंवा इन्व्हर्स आहे, दोन्ही कर्ण मॅट्रिक्स आहेत, किंवा बाहेर ट्रेस आहे. कारण सुचलं नाही तर ती ओळ खोड आणि कोपऱ्यातल्या 1 ची जोडी लावून बघ. पुढच्या पानावर या रेघा मला दिसू देत.