सहा मिनिटांचा निबंध

पालकहो, गेल्या वर्षी नववीच्या एका मुलीचा मराठी निबंध माझ्यापुढे आला, तो संशयाचा शेरा घेऊनच. वर्डची फाइल होती. File > Info उघडलं की उजव्या बाजूला दिसतं, तिथे Total Editing Time ६ मिनिटं होता, Author या रकान्यात तिच्या मामाचं नाव होतं आणि निबंध होता ६४० शब्दांचा. शाळेतल्या एकाने हिशेब मांडला की मिनिटाला शंभराहून जास्त शब्द नववीतलं मूल टाइप करत नाही, मग निबंध मामानेच लिहिला असणार. मुलगी रडत होती आणि आईला काय बोलावं ते सुचत नव्हतं.

अशी वेळ तुमच्यावरही येऊ शकते, म्हणून हे दोन्ही रकाने नेमकं काय सांगतात ते तुम्हाला सांगायचं आहे.

आधी नावाचं बघू. वर्ड लिहिणाऱ्याला ओळखत नाही. प्रोग्राम पहिल्यांदा सुरू करताना किंवा खातं जोडताना जे नाव दिलेलं असतं, तेच तो प्रत्येक नव्या फाइलवर टाकतो. लॅपटॉप मामाने वापरून भाचीला दिलेला होता, सेटिंग कुणी बदललं नव्हतं. बाईंनी पाठवलेल्या नमुना फाइलमध्येच मजकूर भरला असता तर तिथे बाईंचं नाव राहिलं असतं. शिवाय हे नाव कुणालाही मिनिटभरात बदलता येतं. Last Modified By मध्ये शेवटचं सेव्ह कोणाच्या नावाने झालं तेवढंच असतं. शुद्धलेखन तपासून बाबांनी सेव्ह केलं, तर तिथे बाबा.

आता वेळेचं. त्या हिशेबात तथ्य होतं. सहा मिनिटांत ६४० शब्द त्या फाइलमध्ये टाइप झालेले नाहीत, हे जवळजवळ पक्कं. पण त्यातून फार तर एवढंच निघतं की मजकूर बहुधा बाहेरून आणून तिथे पेस्ट केला. तो कुठून आला, याबद्दल हा आकडा मुका आहे. आपल्या मुलांचं मराठी टायपिंग बहुतेक वेळा फोनवर होतं, कारण देवनागरी कळफलक आणि बोलून टाइप करण्याची सोय तिथे हाताशी असते. या मुलीने गूगल डॉक्समध्ये फोनवर लिहून मग लॅपटॉपवर नव्या फाइलमध्ये चिकटवलं होतं. नवी फाइल म्हणजे घड्याळ शून्यापासून.

उलटही खरं आहे. एखाद्या फाइलवर २१० मिनिटं दिसली म्हणून तेवढा वेळ मूल लिहीत होतं असं नाही. फाइल समोर उघडी ठेवून जेवायला गेलं तरी मिनिटं वाढत राहतात. आणि दुसऱ्याने लिहिलेला निबंध शेजारी ठेवून शब्द न् शब्द उतरवून काढला, तर वेळ अगदी खऱ्या मेहनतीसारखा दिसतो. म्हणूनच मोठ्या आकड्याने निश्चिंत होणं मला लहान आकड्याने घाबरण्याइतकंच चुकीचं वाटतं.

फाइलच्या नोंदी आणि मजकूर यांतला फरक एका जुन्या उदाहरणात दिसतो. २००३ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने इराकवरचा एक अहवाल वर्ड फाइल म्हणून प्रसिद्ध केला होता. फाइलच्या पोटात शेवटची दहा सेव्ह कोणी केली त्यांची नावं राहून गेली होती. त्यावरून फाइल कुणाकुणाच्या हातातून गेली ते कळलं. पण त्यातला बराच मजकूर इब्राहिम अल-मराशी या अभ्यासकाच्या लेखातून उचललेला होता, हे त्या नावांतून कळलं नाही. केंब्रिजच्या ग्लेन रंगवाला यांनी मजकूर मजकुराशी ताडून पाहिला, तेव्हा ते उघड झालं. मूळ लेखातल्या टायपिंगच्या चुकासुद्धा जशाच्या तशा आल्या होत्या.

आम्हीही त्या मुलीच्या मजकुराकडेच वळलो. तिने गूगल डॉक्समधली मूळ प्रत उघडली आणि संगणकावर File > Version history मधून जुन्या आवृत्त्या दाखवल्या. तीन संध्याकाळी थोडं थोडं लिहिलेलं होतं. पहिल्या दिवशी आठ ओळी, दुसऱ्या दिवशी मधला एक परिच्छेद खोडलेला, तिसऱ्या दिवशी शेवट बदललेला. याही नोंदीने हात कोणाचा ते सिद्ध होत नाही, कारण खातं उघडं असेल तर दुसरं कुणीही लिहू शकतं. पण एकगठ्ठा येऊन पडलेला निबंध आणि वाढत गेलेला निबंध यांतला फरक तिथे दिसतो. म्हणून मुलांना सांगा, कच्ची प्रत पुसू नका, निकाल लागेपर्यंत तरी.

मग मी तिला एवढंच विचारलं, आजीच्या चुलीवरचा परिच्छेद पहिल्या आवृत्तीत होता, तो का काढलास? ती लगेच म्हणाली, "तो निबंधापेक्षा आजीबद्दल जास्त होत होता, आणि विषय तर पाण्याचा होता. पण आजीचा हंडा मी शेवटी ठेवलाय."

शेवटचा परिच्छेद मी पुन्हा वाचला. हंडा तिथे होता.