मोबाईलमधील कोणते फोल्डर आपोआप जतन व्हावेत?

बँकेकडून ई-मेलने पाठविलेला खातेउतारा कधी कधी ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. ई-मेल पत्ता अचूक असतो, खाते चालू असते, तरीही पाठविलेला संदेश परत येतो. अशा वेळी एक कारण हमखास तपासून पाहावे : ग्राहकाच्या गूगल खात्यातील जागा संपलेली आहे काय? गूगल प्रत्येक खातेदारास १५ जीबी जागा विनामूल्य देते, परंतु ही जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींमध्ये सामाईक असते. ती भरली की नवे ई-मेल येणे व जाणे दोन्ही थांबते. लग्नाच्या वरातीच्या चित्रफिती आणि 'शुभ सकाळ'ची फुले यांनी जागा व्यापली म्हणून मुदत ठेवीच्या नूतनीकरणाची सूचना अडून राहते, असा हा विचित्र संबंध आहे.

१ जून २०२१ पूर्वी 'हाय क्वालिटी' या दर्जाने जतन केलेली छायाचित्रे या १५ जीबीमध्ये मोजली जात नसत. त्या दिवसापासून जतन होणारे प्रत्येक नवे छायाचित्र मोजले जाऊ लागले. अनेकांच्या मोबाईलमधील मांडणी मात्र जुन्या काळातीलच राहिली, म्हणजे दिसेल तो फोल्डर जतन करावयाचा. तेव्हा ते चालून जात होते. आता त्याची किंमत मोजावी लागते.

प्रस्तुत लेखात अँड्रॉइड मोबाईलवरील गूगल फोटोज या अ‍ॅपचा विचार केला आहे. आयफोनवर फोल्डरनिहाय निवड नसते. तेथे संपूर्ण संग्रह एकत्रच जतन होतो, त्यामुळे पुढील विवेचन त्या ग्राहकांना लागू पडणार नाही.

निवड कोठे करावयाची?

फोटोज उघडून वरच्या कोपऱ्यातील आपल्या छायाचित्रावर बोट ठेवावे, त्यानंतर `Photos settings`, पुढे `Backup` आणि त्यात `Back up device folders` असा मार्ग आहे. येथे मोबाईलमधील छायाचित्रांचे फोल्डर एकाखाली एक दिसतात व प्रत्येकासमोर चालू-बंद करण्याची कळ असते. Camera हा फोल्डर त्या यादीत शोधू नये. बॅकअप चालू असेल तर कॅमेऱ्याची छायाचित्रे जतन होतातच. त्यांना वगळता येत नाही आणि वगळण्याचे कारणही नाही. खरा निर्णय उरलेल्या फोल्डरांचा असतो.

त्यांपैकी WhatsApp Images आणि WhatsApp Video हे दोन सर्वाधिक गोंधळाचे. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या ज्या समूहांत आपण आहोत, त्या सर्वांकडून आलेली चित्रे एकाच फोल्डरात साठतात. मामेबहिणीने पाठविलेले आजीचे छायाचित्र आणि सोसायटीच्या समूहावरील पाणीकपातीची सूचना शेजारी शेजारी पडलेली असतात. कळ फोल्डराला असते, समूहाला नसते. म्हणून येथे 'सर्व किंवा काहीच नाही' असाच पर्याय उरतो. माझ्या मते हे दोन्ही फोल्डर बंद ठेवावेत आणि जे छायाचित्र खरोखर हवे असेल ते फोटोजमध्ये उघडून `Back up` हा पर्याय निवडून एकेकटे जतन करावे. महिन्यातून दहा-बारा छायाचित्रांपलीकडे ही संख्या क्वचितच जाते.

चित्रफितींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणांचा बॅकअपही २०२४ पासून टप्प्याटप्प्याने याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. त्यात `Include videos` हा पर्याय चालू असेल आणि इकडे फोटोजमध्ये WhatsApp Video हा फोल्डरही चालू असेल, तर एकच चित्रफीत दोनदा जागा घेते.

स्क्रीनशॉट आणि बँक व्यवहार

Screenshots या फोल्डराविषयी ग्राहक सहसा आग्रही असतात, कारण पैसे पाठविल्याचा पुरावा त्यात असतो अशी त्यांची समजूत असते. ही समजूत थोडी तपासून घेतली पाहिजे. यूपीआय व्यवहाराबाबत तक्रार आली की बँक स्क्रीनशॉटवरील हिरवी खूण पाहत नाही. बँकेला हवा असतो व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक. तो ज्या अ‍ॅपमधून पैसे पाठविले त्याच्या व्यवहार-इतिहासात असतो आणि सर्वसाधारणपणे खातेउताऱ्यातील नोंदीतही असतो. शिवाय खोटा स्क्रीनशॉट तयार करणे अवघड राहिलेले नाही, हे दुकानदारांना चांगलेच ठाऊक आहे. खात्यात रक्कम जमा झाल्याची नोंद दिसेपर्यंत स्क्रीनशॉटचा उपयोग. त्यानंतर तो बहुधा रद्दीच होय.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. याच फोल्डरात घाईत टिपलेले डेबिट कार्डाचे चित्र, आधार पत्राची प्रत, एखाद्या खात्याचे पर्यायी संकेतशब्द असेही पडलेले असतात. फोल्डर चालू असेल तर ती चित्रे केवळ मोबाईलमध्ये राहत नाहीत. ती खात्यात जातात आणि त्याच खात्याने उघडलेल्या घरातील टॅबवर, कार्यालयातील संगणकावर, जुन्या मोबाईलवरही दिसतात. मोबाईलला कुलूप लावून हा धोका टळत नाही. म्हणून Screenshots बंद ठेवावा, आणि तो बंद करण्यापूर्वी आत काय काय आहे हे एकदा सवडीने पाहावे.

डाउनलोडचा भ्रम

Download हा फोल्डर चालू केला म्हणजे आपली कागदपत्रे सुरक्षित झाली, असे मानणारे ग्राहक पुष्कळ आहेत. येथेच मोठी फसगत होते. फोटोज हे अ‍ॅप केवळ छायाचित्रे व चित्रफिती जतन करते. खातेउतारा, मुदत ठेवीची पावती, विमा पॉलिसी, फॉर्म १६ ही सर्व कागदपत्रे पीडीएफ स्वरूपात येतात आणि फोल्डरसमोरची कळ चालू असली तरी फोटोज त्यांना स्पर्शही करत नाही. मोबाईल हरविला तर फोल्डरातील भेटकार्डे परत मिळतील, पॉलिसी मिळणार नाही.

अशी कागदपत्रे ड्राइव्हमध्ये स्वतः चढवावी लागतात. वर्षनिहाय एक फोल्डर करून त्यात वर्षातून दोनदा, समजा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, ती ठेवल्यास पुरे. त्यांचा आकार अल्प असल्यामुळे जागेची चिंता करण्याचे कारण नाही. Download फोल्डर फोटोजमध्ये मात्र बंदच ठेवावा.

एक हिशेब

उदाहरणादाखल इंदूर येथील कापडाच्या एका किरकोळ व्यापाऱ्याचे खाते घेऊ. १५ जीबीची विभागणी अशी आहे : ई-मेल व ड्राइव्ह १.१ जीबी, व्हॉट्सअ‍ॅप संभाषणांचा बॅकअप २.३, कॅमेरा ४.२, WhatsApp Video ५.०, WhatsApp Images १.४, स्क्रीनशॉट ०.४ आणि डाउनलोड ०.६. बेरीज पूर्ण १५ येते. म्हणजे आता उतारा येणे बंद. स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे एकूण जागेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहेत, हे या विभागणीत पाहण्यासारखे आहे.

त्याने प्रथम चारही फोल्डरांच्या कळा बंद केल्या. परंतु एवढ्याने एक कणही जागा मोकळी होत नाही, कारण कळ बंद केल्याने पुढची आवक थांबते, आधी जतन झालेले तसेच राहते. तरीही क्रम हाच असावा. आधी नळ बंद करावा, मग फरशी पुसावी.

त्यानंतर `Backup` मधील `Manage storage` येथे तो गेला. तेथे `Large photos & videos`, `Screenshots`, `Blurry photos` अशा तयार याद्या मिळतात. पहिल्या यादीत मोठ्या चित्रफिती वर येतात, त्यामुळे पाच जीबीचा निकाल थोड्या वेळात लागतो. हटविण्यापूर्वी येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जतन झालेली वस्तू फोटोजमधून हटविली की ती खात्यातून आणि मोबाईलमधून, दोन्हीकडून जाते. ज्या चित्रफिती मोबाईलवर तरी राहाव्यात असे त्यास वाटत होते, त्या त्याने आधी तारेने संगणकावर उतरवून घेतल्या. हटविलेले ६० दिवस कचरापेटीत असते. चूक झाली तर तेथून परत आणता येते.

चित्रफिती, स्क्रीनशॉट व डाउनलोडची चित्रे गेली, WhatsApp Images मधील निवडक ०.३ जीबी ठेवली. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमधून चित्रफिती वगळल्यावर तो पुढच्या खेपेस २.३ वरून ०.५ जीबीवर आला. नवी बेरीज : १.१ अधिक ०.५ अधिक ४.२ अधिक ०.३, म्हणजे ६.१ जीबी. शिल्लक ८.९. कॅमेऱ्याची ४.२ जीबी तीन वर्षांत साठली होती, म्हणजे वर्षाला सुमारे १.४. त्याच गतीने ही शिल्लक सहा वर्षे पुरावी, आणि तोवर पैसे देऊन जागा विकत घेण्याची गरज नाही. (`Storage saver` हा दर्जा निवडल्यास १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठी छायाचित्रे लहान केली जातात, घरगुती उपयोगास तेवढे पुरेसे असते.)

नकळत वगळले जाणारे फोल्डर

पसारा वगळताना हवे तेच वगळले जाण्याचीही शक्यता असते. अनेक मोबाईलमधील गॅलरीत आपण 'दिवाळी' नावाचा अल्बम करून त्यात छायाचित्रे हलविली, तर प्रत्यक्षात एक नवा फोल्डर तयार होतो. ती छायाचित्रे Camera मधून बाहेर पडतात. आधी जतन झालेली नसतील तर नव्या फोल्डराची कळ चालू करेपर्यंत ती जतन होत नाहीत. कागद टिपण्याची काही अ‍ॅप आपापल्या फोल्डरात चित्रे ठेवतात, त्यांचेही तसेच. म्हणून फोल्डरांची यादी अधूनमधून उघडून पाहावी. नवे नाव दिसले तर त्याचा निर्णय तेव्हाच करावा.

खात्री करून घेण्याचा मार्ग सोपा आहे. घरातील संगणकावर `photos.google.com` उघडावे आणि काल काढलेले छायाचित्र तेथे आहे का ते पाहावे. ते दिसले तर बॅकअप चालू आहे. मग स्क्रीनशॉट शोधावा. कालचा तेथे नसेल, तर वगळणेही नीट झाले आहे.