आठवणीतल्या ओळींवरून नाट्यपदाची ओळख

संगीत नाटकाच्या अभ्यासात आतापर्यंत आपण संहितेकडून पदाकडे जात होतो. नाटक ठाऊक, अंक ठाऊक, पात्र ठाऊक, आणि मग पदाचा विचार. या पाठात उलटा प्रवास करावयाचा आहे. हाती दोनचार शब्द आहेत, डोळ्यांसमोर एखादा पेहराव वा पडदा आहे आणि नाटकाचे नाव मात्र आठवत नाही. अशा वेळी पदापर्यंत कसे पोचावे, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

समजा, लहानपणी गोव्यातल्या एखाद्या देवळाच्या जत्रेत रात्रभर चाललेले संगीत नाटक पाहिलेल्या व्यक्तीची आठवण अशी आहे : ‘मुकुट घातलेला, पीतांबर नेसलेला श्रीकृष्ण होता. मागे खांब आणि कमानी रंगवलेला राजवाड्याचा पडदा होता. शेजारी दागिने ल्यालेली एक स्त्री पाठ फिरवून रुसून बसली होती. गाण्यात रात्र संपून उजाडत असल्याचे काही तरी होते. बहुधा भूपाळी असावी.’ एवढ्या आठवणीत खरे पुरावे किती आणि मागाहून मनाने घातलेली भर किती, हे आधी वेगळे केले पाहिजे. म्हणून आठवण जशी सांगितली गेली तशीच लिहून घ्यावी. शब्द अर्थहीन वाटला तरी तो दुरुस्त करू नये. तानांत आणि आलापांत फुटलेला शब्द कानाला विचित्र लागतो, आणि आपण त्याच्या जागी सोपा शब्द बसवला की शोधाचा धागाच तुटतो.

दृश्यापासून आरंभ करू. राजवाड्याचा पडदा फारसा उपयोगाचा नाही. जुन्या नाटक मंडळ्यांकडे दरबार, रस्ता, बाग, जंगल असे ठराविक रंगवलेले पडदे असत आणि तेच पडदे वेगवेगळ्या नाटकांत वापरले जात. त्यामुळे पडद्यावरून प्रसंग कोणत्या प्रकारच्या जागी घडतो एवढेच कळते. नाटक कळत नाही. त्यापेक्षा कथानकात गुंतलेली वस्तू कितीतरी बोलकी असते. रंगमंचावर मोठा तराजू आठवत असेल तर विद्याधर गोखले यांचे ‘सुवर्णतुला’ लगेच समोर येते. एका तसबिरीवरून नवराबायकोत संशय माजल्याचे आठवत असेल तर गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’कडे वळावे. त्या नाटकाचे आधीचे गद्य रूप तर ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ याच नावाचे होते. आपल्या उदाहरणात अशी वस्तू नाही. उरतो तो पेहराव.

श्रीकृष्णाचा पेहराव पात्र ठरवतो, नाटक नव्हे. मराठी संगीत रंगभूमीवर श्रीकृष्ण अनेक नाटकांत येतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ (1882), कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ (1916) आणि 1960 चे ‘सुवर्णतुला’ ही त्यांतली तीन ठळक नावे. या तिन्ही नाटकांत रुक्मिणीही आहे. म्हणजे ‘कृष्ण आणि दागिने ल्यालेली स्त्री’ एवढ्या खुणेवर निर्णय घेता येत नाही. येथे शब्दांची मदत घ्यावी लागते.

आठवलेल्या शब्दांचा अर्थ एवढाच की रात्र सरत आली आहे, उजाडते आहे. आठवण सांगणाऱ्याने यावरून भूपाळीचा तर्क केला. तर्क स्वाभाविक आहे, कारण कृष्ण आणि पहाट एकत्र आले की होनाजी बाळाची प्रसिद्ध भूपाळी मराठी मनात आपोआप जागी होते. पण येथे एक साधा प्रश्न विचारावा : कोण कोणाला सांगत आहे? भूपाळीत भक्त देवाला उठवतो. आपल्या आठवणीत मात्र गाणारा स्वतः देव आहे आणि ऐकणारी त्याची सखी आहे. हा फरक लक्षात आला की भूपाळीचा पर्याय गळून पडतो. नाट्यपद हे संवादाचे अंग असते. ते कोणीतरी कोणाला तरी, काही कारणाने म्हणत असते. म्हणून शब्दांत संबोधन शोधावे, क्रियापदांची रूपे तपासावीत, ‘तू’ आहे की आदरार्थी ‘तुम्ही’ हे पाहावे. मराठीत लिंगभेद क्रियापदापर्यंत पोचतो, हे शोधकाच्या दृष्टीने मोठेच भाग्य आहे.

आवाजाच्या खुणेवर मात्र विसंबू नये. ‘सौभद्र’च्या पहिल्या काळात सुभद्रेची भूमिका भाऊराव कोल्हटकर करीत, पुढे स्त्रीभूमिकांत बालगंधर्वांनी राज्य केले. उलट मैफलीत पुरुषपात्राची पदे गायिकाही गातात. ‘एका बाईंनी म्हटलेले होते, म्हणजे ते नायिकेचे पद’ हे अनुमान त्यामुळे अनेकदा फसते.

आता नात्याचा विचार करू. रात्र सरत असताना पुरुष स्त्रीला जवळून उजाडण्याच्या खुणा दाखवतो, हा प्रसंग एकांताचा आहे आणि संबोधन पत्नीला शोभणारे आहे. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी ही कुंडिनपूरची अविवाहित राजकन्या आहे, तिचा विवाह हाच त्या नाटकाचा प्रश्न आहे. असा दांपत्यप्रसंग तेथे बसत नाही. ‘सुवर्णतुले’त कृष्ण विवाहित आहे, पण कथेचा भार सत्यभामेवर आहे आणि नारदाला दिलेल्या दानातून तुलेचा प्रसंग उभा राहतो. ‘सौभद्रा’त मात्र कृष्ण आणि रुक्मिणी द्वारकेत पतिपत्नी म्हणून वावरतात. सुभद्रेचे लग्न बलरामाने दुर्योधनाशी ठरवले आहे, कृष्णाला ते अर्जुनाशी व्हावे असे वाटते, आणि या कारस्थानाच्या मध्येच त्या दोघांच्या गृहजीवनाची मोकळी, खेळकर झलक दिसते. रुक्मिणीला रात्र संपत आल्याचे दाखवणारे श्रीकृष्णाचे एक पद या नाटकात आहे. आपला शोध येथे येऊन थांबतो, असे वाटते.

तरी एक गोष्ट जुळत नाही. आठवणीतली स्त्री पाठ फिरवून रुसली होती. पहाटेच्या त्या पदात रुसव्याला जागा नाही. त्याचा भाव प्रसन्न, वर्णनपर आहे. अशी विसंगती आढळली की तिला बाजूला सारून ‘उत्तर सापडले’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण विसंगती हीच बहुधा पुढची खूण असते. ‘सौभद्रा’त श्रीकृष्णाचे दुसरेही एक प्रसिद्ध पद आहे, आणि त्यात तो रागावलेल्या रुक्मिणीची मनधरणी करतो. आठवण सांगणाऱ्याच्या मनात चित्र या दुसऱ्या पदाचे राहिले आणि शब्द पहिल्याचे. एकाच नाटकातली, एकाच जोडीची, एकाच पेहरावातली दोन पदे वर्षानुवर्षांनी एकमेकांत मिसळणे अगदी साहजिक आहे. नाटकाची ओळख या मिश्रणाने बिघडत नाही, उलट पक्की होते. फक्त ‘हे पद’ असे एकवचनी उत्तर देता येत नाही. (जाता जाता : रुसलेली स्त्री म्हटली की अनेक जण न विचारताच ‘सत्यभामा’ म्हणतात. पुराणकथांनी रुसण्याचा मान तिच्याकडे दिला असला, तरी ‘सौभद्रा’त तो रुक्मिणीला मिळाला आहे.)

यानंतर पडताळा. नाटकाची छापील संहिता घ्यावी आणि पदाआधी कोणत्या पात्राचे नाव आहे, त्यापूर्वीचे गद्य वाक्य काय आहे, हे वाचावे. त्या गद्य वाक्यातून पदाचे कारण कळते आणि आठवलेल्या दृश्याशी ते जुळते का हे तपासता येते. येथे दोन अडचणी हटकून येतात. पहिली सूचीची. पदांच्या सूच्या आरंभीच्या शब्दांनुसार लावलेल्या असतात, आणि स्मरणात पुष्कळदा अंतऱ्यातला तुकडा राहिलेला असतो, कारण गायक तेथेच रेंगाळलेला असतो. सूचीत शब्द सापडला नाही म्हणजे पद त्या नाटकात नाही असे ठरत नाही. प्रत्येक पद शेवटपर्यंत वाचण्याला पर्याय नाही.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. जुन्या संहितांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ दिलेली असते. ‘चाल’ या शब्दापुढे छापलेले शब्द त्या पदाचे नसतात; ज्या आधीच्या गाण्याच्या चालीवर पद बांधले, त्या गाण्याचे असतात. आपल्याला आठवणारे शब्द नेमके तेथे भेटले तर शोध संपला असे समजू नये. आपण ऐकलेले गाणे ते आधीचे असू शकते, आणि ते कदाचित दुसऱ्याच नाटकातले किंवा नाटकाबाहेरचे असेल.

संहितेत पद सापडूनही प्रयोगाविषयी एक मर्यादा राहतेच. किर्लोस्करांच्या काळच्या नाटकांत पदांची संख्या मोठी असे आणि आजच्या प्रयोगात त्यांतली निवडकच गायिली जातात. पेहराव आणि नेपथ्य तर प्रयोगागणिक बदलतात. म्हणून मुकुटाचा आकार, शालूचा रंग अशा तपशिलांवरून कोणत्या मंडळीचा प्रयोग पाहिला याचा अंदाज बांधता येईल, पण नाटक ठरवताना त्यांना शेवटचे स्थान द्यावे. याला अपवाद एकच : पेहरावाचा बदल कथानकातच असतो तेव्हा. ‘सौभद्रा’त अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो. भगवी वस्त्रे नेसलेला तरुण यती राजवाड्यात आणि त्याच्या सेवेला राजकन्या, असे चित्र कोणी सांगितले तर ती भगवी वस्त्रे कोणत्याही प्रयोगात असणारच, कारण ती किर्लोस्करांनी लिहिलेली आहेत, कपडेपटाने निवडलेली नव्हेत.

स्वाध्याय

पुढील आठवणीचा वरील रीतीने विचार करा. ‘सैन्याची छावणी होती. साध्या वस्त्रांतली एक मुलगी आणि एक शूर सेनापती यांचा प्रसंग होता. पण मला तीच नटी दागिन्यांनी मढलेलीही आठवते. गाण्यात श्रीमंतीविषयी काही तरी होते.’ दोन पेहराव म्हणजे दोन पात्रे, असे मानावे काय? खाडिलकरांच्या ‘मानापमान’ (1911) या नाटकातील भामिनीची कथा वाचून आपले उत्तर सुमारे दीडशे शब्दांत लिहा, आणि या आठवणीतला कोणता तपशील आपण निर्णयासाठी वापरला व कोणता बाजूला ठेवला, ते कारणासह नमूद करा.