मणी नाकात, हात मागे

पोरी, तुझा लेक आता दोन वर्षांचा होईल. आजवर हाताला लागेल ते तोंडात जायचं, आता पुढची दोन-तीन वर्षं ते नाकाकानातही जाणार. माझी नोकरी कान-नाक-घसा विभागात परिचारिका म्हणून झाली. तिथे पोरांच्या नाकाकानांतून काय काय निघालेलं पाहिलंय: पोतीतले काळे मणी, चिंचोके, हरभरे, साबुदाणा, खोडरबराचे तुकडे. यातलं बहुतेक सहज निघण्यासारखं असतं. ते अवघड होतं घरच्यांच्या हातून. म्हणून काय करायचं हे नंतर, काय करायचं नाही ते आधी ऐक.

पहिली गोष्ट, चिमटा, पिन, काडी, करंगळी यातलं काहीही आत घालायचं नाही. मणी समोर दिसत असला तरी नाही. गोल, गुळगुळीत वस्तूवर चिमट्याची टोकं मिटली की ती टोकांतून सटकते आणि मागेच जाते. डॉक्टर तिला पुढून धरायला जातच नाहीत. बोथट आकडा मण्याच्या वरून मागे नेतात, वळवतात आणि मणी मागून पुढे ओढतात. त्यासाठी डोक्यावर दिवा लागतो, सवयीचा हात लागतो आणि पोराला घट्ट धरणारं माणूस लागतं.

एक बाई अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. घरात पोत तुटली, मणी फरशीवर सांडले, ते वेचेपर्यंत एक मुलीच्या उजव्या नाकपुडीत गेला. आईला तो चकाकताना दिसत होता. काकाने भुवया कोरायचा चिमटा आणला. दोन-तीनदा धरायला गेला, तेवढ्यात मणी दिसेनासा झाला आणि रक्त आलं. आमच्याकडे येईपर्यंत नाक आतून सुजलेलं, आणि माणूस जवळ आलं की मुलगी किंचाळायची. शेवटी भूल द्यावी लागली. मणी पार मागे, घशाच्या वाटेवर जाऊन बसला होता. लक्षात ठेव, नाकाची मागची बाजू घशात उघडते. तिथून वस्तू श्वासनळीत उतरली तर जिवावर बेततं. आणि पोर पहिल्यांदा जितकं शांत बसतं, तितकं दुसऱ्यांदा बसत नाही. ती पहिली संधी डॉक्टरांसाठी राखून ठेव.

कानात तर कोरणं आणखी वाईट. कानाची नळी मध्येच अरुंद होते. मणी त्या अरुंद जागेच्या अलीकडे असेल तर निघतो, पलीकडे ढकलला की पडद्याजवळ अडकतो. तिथली कातडी पातळ, हाडाला चिकटलेली. जरा लागलं तरी रक्त येतं आणि पोर कळवळतं.

दुसरी गोष्ट, शिंका काढायला तपकीर किंवा मिरपूड हुंगवायची नाही. शिंकेच्या आधी माणूस जोरात श्वास आत ओढतो, आणि त्या ओढीबरोबर दाणाही आत जातो. एवढ्या लहान पोराला ‘नाक शिंकर’ म्हटलं तरी ते वर ओढतं. त्याला मांडीवर ताठ बसव, आडवं करू नकोस, आणि तोंडाने ‘हा-हा’ करून दाखव म्हणजे तेही तोंडाने श्वास घेईल. ओरडू नकोस. पोर रडायला लागलं की हुंदक्यागणिक नाक वर ओढतं.

तिसरी गोष्ट पाण्यातेलाची. कानात हरभरा, वाटाणा, चिंचोका गेला असेल तर पाणी घालायचं नाही, तेल नाही, थेंबही नाहीत. रात्री भिजत घातलेला हरभरा सकाळी केवढा होतो ते तू रोज बघतेस. तो कानात फुगला तर नळी गच्च होते, ठणका लागतो आणि काढताना दाण्याचा भुगा होतो. कानात तेल घालायची रीत आहे ती जिवंत किड्यासाठी. किडा वळवळत असेल, कान फुटलेला नसेल आणि वाहत नसेल, तर कोमट खोबरेल तेलाचे थेंब घालून तो मारता येतो, मग मेलेला किडा डॉक्टर काढतात. दाण्याला ती रीत लावायची नाही.

मग घरी काही करता येतं का? नाकात असेल तर एक गोष्ट येते, आणि ती आईनेच करायची. पोर मजेत असेल, खोकत नसेल, दम लागला नसेल आणि वस्तू गोल मणी किंवा दाणा असेल तेव्हाच. त्याला सांग, तुला मोठी पापी देते. मांडीवर बसव. मोकळी नाकपुडी बोटाने बंद कर. त्याच्या उघड्या तोंडावर आपलं तोंड असं लाव की फटीतून हवा जाणार नाही. आधी हळू फुंक. जरा अडल्यासारखं वाटलं की एकच झटक्याची छोटी फुंकर मार. त्या वेळी पोराचा घसा आपसूक मिटतो, हवा मागून वळून अडलेल्या नाकपुडीतून बाहेर येते आणि मणी पुढे ढकलते. दहापैकी साधारण सहा पोरांत हे साधतं. दोनदा करून निघाला नाही, किंवा पोर घाबरलं, तर थांब आणि डॉक्टरांकडे जा. कानासाठी घरचा असा उपाय नाही.

घड्याळातली, खेळण्यातली चपटी बटण-बॅटरी गेली असेल तर फुंकर वगैरे काही नाही. थेट मोठं रुग्णालय, रात्र असली तरी. तिच्यातून आतल्या ओलाव्यात वीज वाहते आणि काही तासांत नाकाचा पडदा जळून भोक पडू शकतं. थेंब घातले तर ती आणखी वेगाने जाळते. दोन लोहचुंबक दोन नाकपुड्यांत गेले तरी तीच घाई, ते मधला पडदा चिमटून धरतात.

आणि वस्तू नाकात असताना पोराला अचानक ठसका लागला, श्वासाला शीळ येऊ लागली, ओठ निळसर दिसले, तर १०८ ला फोन कर. ठसका लागून थांबला आणि पोर पुन्हा खेळू लागलं तरी दाखवायचंच. शेंगदाणा फुप्फुसाच्या वाटेत जाऊन बसला की काही वेळ पोर अगदी बरं दिसतं.

डॉक्टरांकडे जाताना तशीच दुसरी वस्तू बरोबर घे, मण्यासारखा मणी, दाण्यासारखा दाणा. पोराने शेवटचं कधी काय खाल्लं ते सांग, आणि वाटेत बिस्कीट देऊन गप्प करू नकोस. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं.

कधी कधी पोर काही बोलत नाही आणि कुणी पाहिलेलंही नसतं. तेव्हा नाकच सांगतं. सर्दी दोन्हीकडून वाहते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, पिवळा किंवा रक्ताळ शेंबूड येत असेल तर सर्दीचं औषध देत बसू नकोस, आत काही आहे का ते डॉक्टरांना बघायला सांग.

वस्तू निघाली की लगेच घरी पळू नकोस. दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कान बघून घ्यायला सांग. एक मणी घालणाऱ्याने दुसराही कुठेतरी घातलेला असू शकतो. आणि बरोबर खेळणारं भावंड असेल तर त्याचंही नाक बघ.